लाइन खोकते

पाइपिंगची ड्रॉइंगं काढणाऱ्या माणसाला भुताखेतांवर विश्वास ठेवून चालत नाही. नळी एका टोकापासून निघते आणि दुसऱ्या टोकाला पोचते. मधले सगळे चढउतार आणि वळणं मांडून बेरीज केली की दुसरं टोक जिथे आहे तिथेच यायला हवं. नाही आलं तर मापात चूक आहे, भुताटकी नाही. देवासच्या विनोदिनीचे या कामात केस पिकायला लागले होते आणि तिचा या नियमावर देवापेक्षा जास्त भरवसा होता. तरीही त्या सकाळी पिथमपूरच्या कारखान्याच्या फाटकातून आत जाताना तिने तो नियम बाजूला ठेवला होता, कारण ती माप घ्यायला आली होती हे अर्धंच खरं होतं. ती आपल्या मेलेल्या भावाचा आवाज ऐकायला आली होती.

आयुष तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. वडील साताऱ्याकडून देवासच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले, इथेच राहिले आणि इथेच गेले. मग विनोदिनीने घर चालवलं, आयुषला आयटीआय केलं आणि तो धार जिल्ह्यात, पिथमपूरच्या या गोंद बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागला. गोंद शिजवायची जी मोठी केटल असते, तिला बाहेरून वाफेचं कवच असतं. त्या कवचात वाफ सोडायचं काम त्याचं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने वाफेचा व्हॉल्व्ह उघडला आणि बिडाच्या, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाच्या, त्या व्हॉल्व्हचं पोट फुटलं. उकळतं पाणी आणि वाफ त्याच्या अंगावर आली. चौकशी झाली, कागद झाले आणि शेवटी एकच वाक्य उरलं, की ऑपरेटरने घाई केली. विनोदिनीला हे वाक्य पाठ होतं. आयुष लहानपणापासून घाईचाच होता, म्हणून ते तिला खोडताही आलं नव्हतं, आणि हेच तिला जास्त लागलं होतं.

आता कारखान्याला ती लाइन बदलायची होती. जुनं ड्रॉइंग कुणाकडेच नव्हतं आणि बॉयलर खात्याच्या मंजुरीसाठी नवं लागत होतं. काम विनोदिनीच्या ऑफिसकडे आलं. ऑफिसच्या मालकांनी संकोचून सांगितलं, की दुसऱ्या कुणाला पाठवतो. तिने नको म्हटलं. तिने नको का म्हटलं, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

कारण होतं अक्का. तिची आई. माहेर धारचं, जुन्या सरदारी चाकरीतल्या घराण्यातली. तिला शेजारीपाजारी अक्का म्हणायचे आणि घरातही तेच नाव पडलं होतं. आयुषच्या वर्षश्राद्धानंतर कारखान्यातली माणसं भेटायला आली आणि त्यांनी अक्काला सांगितलं, की तो गेलेला नाही. रोज सकाळी वाफ सुरू झाली की लाइनवर तीन ठोके पडतात. अक्का पुढच्याच आठवड्यात बस बदलत बदलत पिथमपूरला गेली, ऐकून आली, आणि त्या दिवशी घरी येऊन तिने कित्येक महिन्यांनी पोटभर वरणभात खाल्ला. तेव्हापासून दर महिन्याला आयुषच्या तिथीला ती जात होती. विनोदिनी तिला बसमध्ये बसवून द्यायची आणि स्वतः कधी जायची नाही. रागवायचीही नाही. आई जेवते आहे, एवढं तिला पुरत होतं.

पण ऐकायचं तिलाही होतं. एकटीला, आईच्या नकळत.

बॉयलरवर उदाजीराव होते. साठीला आलेले, धारचेच, डोक्याला कायम गमछा. त्यांनी विनोदिनीला पाहिलं आणि हातातली किल्ली खाली ठेवली. पाण्याचा ग्लास पुढे करून त्यांनी तिला ठोक्यांचा सगळा प्रकार सांगितला. बॉयलर भिंतीच्या या बाजूला आणि केटल त्या बाजूला, मध्ये मिक्सरची घरघर, हाक ऐकू जायची नाही. म्हणून त्यांची आणि आयुषची एक रीत ठरलेली होती. उदाजीरावांनी इकडून वाफ सोडली की नळीवर पान्याने तीन ठोके द्यायचे, म्हणजे वाफ निघाली. नळीतून आवाज पलीकडे स्वच्छ जातो. तिकडून आयुष तीन ठोके परत द्यायचा, म्हणजे आता व्हॉल्व्ह उघडतो. ठोके आल्याशिवाय त्याने कधी हात लावला नाही, हे उदाजीरावांनी दोनदा सांगितलं. तो गेला, लाइन दुरुस्त झाली, आणि एके दिवशी उदाजीराव वाफ सोडून पाना उचलतात तोच नळीने आपणहून ठोके दिले.

"तेव्हापासून मी पाना उचलत नाही ताई," ते म्हणाले. "वो खुद बोलता है, तो मैं बीच में क्यों बोलूं? तो ठोकतो, तिकडे चिराग ऐकतो, परत तीन ठोकतो आणि व्हॉल्व्ह खोलतो. दोन साल हो गए, कुणाला खरोंच नाही आली. आपला पोरगा राखण करतोय."

चिराग म्हणजे आयुषच्या जागी आलेला ऑपरेटर. सोनकच्छकडचा, नवीन लग्न झालेला, बोलायला मोकळा. त्याच्या केटलजवळ खांबाला एक हार, एक उदबत्ती आणि आयुषचा फोटो होता. नव्या व्हॉल्व्हच्या दांड्यालाही एक लाल धागा होता. व्हॉल्व्ह पुन्हा बिडाचाच बसवलेला. विनोदिनीने ते पाहिलं, पण तेव्हा तिचं लक्ष व्हॉल्व्हकडे नव्हतं.

उदाजीरावांनी मुख्य व्हॉल्व्ह थोडा फिरवला. वाफेची सळसळ झाली, वरच्या रॅकवरून नळी तडतडली आणि गप्प झाली. विनोदिनी भिंतीच्या पलीकडे केटलपाशी उभी होती. मग वरून आवाज आला. टक. टक. जरा थांबून टक, आणि मागोमाग एक बारीक. मोजायला गेलं तर चार होते, पण उरलेल्या सगळ्यांप्रमाणे तिनेही तीनच मोजले. नळीत कुणीतरी कोंडलेलं असावं आणि त्याने बोटाच्या पेराने वाजवावं, तसा तो आवाज होता. चिरागने पाना उचलून तीन ठोके परत दिले, हात जोडले, आणि व्हॉल्व्हचं चाक गरागरा फिरवून पूर्ण उघडलं. नळी एकदा धाडकन हादरली. चिराग आयुषच्या फोटोकडे बघत हसून म्हणाला, "भिया रोज जाते जाते दरवाज़ा ऐसे ही पटकता है."

विनोदिनीला रडू आलं आणि बरंही वाटलं. दोन वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. आपण इतक्या उशिरा का आलो, असं तिला वाटलं. आयुष घरीही असाच दार आपटून बाहेर पडायचा आणि ती ओरडायची.

मग तिने डोळे पुसले आणि माप घ्यायला लागली, कारण पोट त्यावर चालत होतं.

तिची पद्धत जुनी होती. त्रिकोणी जाळीच्या रेघा छापलेलं पॅड, उत्तरेचा बाण आधी कोपऱ्यात, मग हेडरपासून, म्हणजे बॉयलरकडच्या मुख्य नळीपासून, सुरुवात. आयसोमेट्रिकमध्ये नळी एका रेघेने दाखवतात. उभी नळी उभी, आणि आडव्या नळ्या उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम अशा तिरप्या रेघांनी. प्रत्येक वळणाला एक एल्बो, प्रत्येक जोडाला खूण, आणि मापं नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत. लाइन साधीच होती. हेडरपासून तीन इंची नळी वर चढत होती, रॅकवरून हलक्या उताराने भिंत ओलांडत होती, तिथे रिड्यूसर लागून दोन इंची होत होती, मग खाली उतरून आडवी केटलच्या व्हॉल्व्हला लागत होती. सगळीवर लोकरीचं वेष्टन आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. उघडे होते ते फक्त दोन्ही टोकांचे फ्लँज, बोल्टने जोडायच्या चकत्या. त्या दोन फ्लँजांच्या उंचीतला फरक तिने पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने घेतला. लेझरचं यंत्र ऑफिसात होतं, पण वडिलांनी शिकवलेली पाण्याची नळी खोटं बोलत नाही असं तिचं मत होतं.

बसमध्येच तिने बेरीज केली. बेरीज जुळली नाही.

हेडरपासून चढ धरला, रॅकचा उतार वजा केला, खालची उतरण वजा केली. केटलचा फ्लँज कागदावर जिथे येत होता त्यापेक्षा खरा फ्लँज अठ्ठावीस मिलिमीटर वर होता. वेष्टनावरून घेतलेल्या मापात एवढं तेवढं चालतं. दुसऱ्या कुणी ते एखाद्या उतरणीत मुकाट्याने जिरवून टाकलं असतं. तिने घरी आल्यावर पुन्हा केली, जेवायच्या आधी पुन्हा केली. तेवढेच अठ्ठावीस. अक्काने विचारलं, कुठे गेली होतीस. तिने साइटवर म्हणून सांगितलं आणि कुठली साइट ते सांगितलं नाही. जेवताना तिच्या बोटांनी ताटाच्या कडेवर तीन ठोके दिले आणि ती ऐकत बसली. अक्काने मान वर करून पाहिलं.

अठ्ठाविसाचं निम्मं चौदा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा ढवळताना हे तिच्या डोक्यात आलं आणि चमचा तसाच राहिला.

तीन इंची नळीला दोन इंची जोडणारा रिड्यूसर दोन प्रकारचा असतो. एक फनेलसारखा, सगळीकडून सारखा निमुळता. दुसरा एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने तिरपा. वाफेच्या आडव्या लाइनला दुसरा लावतात आणि त्याची सपाट बाजू खाली ठेवतात. मग दोन्ही नळ्यांचा तळ एका पातळीत येतो आणि वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी अडखळत नाही, वाहून जातं. तसा बसवला की लहान नळीचा मध्य चौदा मिलिमीटर खाली येतो. विनोदिनीने वेष्टनाखाली न पाहता तो तसाच असणार असं धरलं होतं, कारण दुसरं काही असायला नको होतं. पण तो उलटा असेल, सपाट बाजू वर असेल, तर मध्य चौदा वर जातो. चौदा खाली धरलेले आणि चौदा वर गेलेले, मिळून अठ्ठावीस.

सपाट बाजू वर ठेवतात ती पंपाच्या सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीला, तिथे वर हवा अडकू नये म्हणून. ज्या टोळीने ही लाइन जोडली ती आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर राबलेली असावी. हात सवयीने चालला. वर पत्रा चढला आणि कुणाला दिसलं नाही.

ती पुन्हा पिथमपूरला गेली. या वेळी कारखान्याचा मॅनेजर अभिषेक बरोबर होता; देवासचाच मुलगा, मराठी बोलायला लाजणारा. लाइन थंड असताना तिने पत्रा सोडवून घेतला, लोकर बाजूला केली आणि वर बघत उभी राहिली. सपाट बाजू वर होती. खाली, मोठ्या नळीच्या तळाशी, जवळजवळ इंचभर उंचीचा उंबरठा तयार झाला होता. रोज लाइन बंद झाली की तीन इंची नळीतलं पाणी उताराने त्या उंबरठ्यापर्यंत येत होतं आणि तिथेच थांबत होतं. सकाळी वाफ त्या गार पाण्यावरून धावायची, पाण्याला लाटा यायच्या, वाफेचे कप्पे फटकन मिटायचे आणि नळी वाजायची. टक. टक. टक. आणि त्याच क्षणी केटलकडचा व्हॉल्व्ह गरागरा उघडला की ते सगळं पाणी एका गोळ्यासारखं सुटून उतरणीवरून व्हॉल्व्हवर आदळायचं. पोलाद ते सोसतं. बीड सोसत नाही.

आयुषने घाई केली नव्हती. निदान तेवढीच केली होती जेवढी रोज करायचा. हे कळल्यावर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ती शिडीच्या पायरीवर बसली. कारण दुसरीही गोष्ट तिला त्याच वेळी कळली होती. नळीचं ते वाजणं म्हणजे थांब, आत पाणी आहे, अशी ताकीद होती. आणि इथे दोन वर्षं सगळे त्या ताकिदीला आयुषचा होकार समजून रोज व्हॉल्व्ह उघडत होते. उदाजीरावांनी आपला खरा इशारा बंद केला होता, चिराग हात जोडून पुढे होत होता, आणि व्हॉल्व्ह बिडाचा होता.

तिने अभिषेकला तिथल्या तिथे सांगितलं, की नवी लाइन होईपर्यंत ही चालवायची नाही. त्याने कुरकुर केली, मालकाला फोन लावला, शेवटी केटल बंद ठेवली. माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता.

उदाजीरावांना तिने सगळं समजावलं. त्यांनी मान हलवत ऐकलं. रिड्यूसरही पाहिला. चाळीस वर्षं वाफेत काढलेला माणूस, पाण्याचा मार त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. पण फाटकापर्यंत तिच्याबरोबर येऊन त्यांनी हळूच विनवलं, "ताई, व्हॉल्व्ह स्टील का लगाओ, ट्रॅप लगाओ, जो लगाना है लगाओ. पण आवाज बंद होईल असं काही काढू नका. तुमच्या अक्कांना काय सांगणार?"

हा प्रश्न तिने स्वतःला विचारायचं टाळलं होतं. तो आता तिच्याबरोबर बसमध्ये बसून देवासपर्यंत आला.

ड्रॉइंग काढायला ती बसली खरी, पण हात जड झाला होता. नवी लाइन तिने हेडरपासून आखली. उतार वाफेच्या दिशेने, तशी खूण. रॅकवरून उतरणीच्या तळाशी, केटलच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे, एल्बोऐवजी टी घातला आणि त्याचा एक पाय खाली सोडून पाण्याचा खिसा केला. खिशाच्या बुडाला ड्रेन व्हॉल्व्ह, बाजूने गाळणी आणि स्टीम ट्रॅप, म्हणजे पाणी आपोआप बाहेर आणि वाफ आत. केटलचा व्हॉल्व्ह ओतीव पोलादाचा. मग बाजूला सामानाची यादी: तीन इंची आणि दोन इंची जोडरहित नळी, बॉयलर खात्याच्या दाखल्यासह; एल्बो; टी; फ्लँज, गॅस्केट, बोल्ट; व्हॉल्व्ह, गाळणी, ट्रॅप. आणि रिड्यूसर, एक नग.

इथे ती थांबली. यादीत रिड्यूसर नुसता रिड्यूसर असतो. सपाट बाजू कुठे, हे यादी सांगत नाही; ते ड्रॉइंगवर लिहावं लागतं. न लिहिलं तर फिटर जुनी लाइन समोर ठेवून जशी होती तशी जोडणार. उंबरठा राहील, पाणी राहील, सकाळी नळी वाजेल. खिसा आहे, ट्रॅप आहे, व्हॉल्व्ह पोलादाचा आहे. आता काय फुटणार आहे? अक्का महिन्यातून एकदा जाईल, ऐकेल आणि घरी येऊन जेवेल. कुणाला कळणार नाही. चार अक्षरं लिहायची राहिली, एवढंच होईल. विनोदिनीने हा विचार केला. पुरता केला, आणि त्याची तिला गोडीही लागली. आवाज तिलाही हवा होता.

पण मग तिला चिरागचे जोडलेले हात दिसायला लागले. उंबरठ्यामागचं पाणी खिशापर्यंत पोचणारच नव्हतं, आणि खिशापर्यंत न पोचलेलं पाणी ट्रॅप काढू शकत नाही. ते तसंच एक दिवस सुटून येणार. पोलाद सोसेल, पण जोडांमधलं गॅस्केट? आणि सोसो वा न सोसो, तिकडे उभा असणारा माणूस कुणाचा तरी होता.

तिने पेन्सिल ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. अक्का मेथी निवडत होती. विनोदिनीने तिला काही न लपवता सांगितलं. पॅडवर रिड्यूसर काढून दाखवला, पाणी कुठे थांबतं ते दाखवलं, आवाज कशाचा ते सांगितलं. अक्का चौथीपर्यंत शिकलेली, पण फिटरची बायको होती. उंबरठा तिला लगेच कळला. ती बराच वेळ काड्या आणि पानं वेगळी करत राहिली.

"तो म्हणायचा फोनवर," ती म्हणाली. "अक्का, आमची लाइन सकाळी खोकते. मी म्हणायचे, तिला काढा पाज."

विनोदिनीने तिच्याकडे पाहिलं. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"म्हणजे तो होता तेव्हाही वाजायची, फक्त ठोके कुणी मोजले नाहीत," अक्का म्हणाली. "तो ऐकायचा. मग तो आवाज त्याचा कसा असेल?"

विनोदिनीने पॅड मिटलं.

"ज्यानं माझं पोर नेलं, त्याचाच तो आवाज. आणि मी दर महिन्याला जाऊन त्याला हात जोडून आले."

तिने मेथीची जुडी बाजूला सारली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत बसली. विनोदिनी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. आयुष गेल्यावर दोघी एकमेकींसमोर रडल्या नव्हत्या. एक आई म्हणून सावरत होती, दुसरी कमावती म्हणून. त्या दुपारी त्या रडल्या. नंतर अक्कानेच तिला उठवलं आणि जा, ते लिही, असं सांगितलं.

विनोदिनीने रिड्यूसरपाशी बाण ओढला आणि लिहिलं, सपाट बाजू खाली. इंग्रजीत तीन अक्षरांत लिहायची रीत आहे. तिने तीही लिहिली आणि खाली हिंदीतही लिहिलं, ठळक, म्हणजे फिटरला विचारायची वेळ येऊ नये. मग बेरीज केली. हेडरपासून केटलपर्यंत शून्य फरक आला.

ड्रॉइंग मंजूर झालं, सामान आलं, लाइन चढली. वेल्डिंग सुरू असताना ती स्वतः रॅकवर चढून रिड्यूसर पाहून आली. चाचणीचं पाणी भरून दाब दिला, काही गळलं नाही. वाफ सोडायच्या दिवशी अक्का म्हणाली, मला ने. विनोदिनीने नको नको म्हटलं. अक्काने ऐकलं नाही. जरीकाठी लुगडं नेसली, हातात एक पिशवी घेतली आणि बसच्या पुढच्या सीटवर बसली.

कारखान्यात सगळे जमले होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चिराग व्हॉल्व्हपाशी उभा होता. नव्या चाकाला त्याने पुन्हा लाल धागा बांधला होता. विनोदिनीने त्याला आधी खिशाचा ड्रेन पूर्ण उघडायला लावला. भिंतीपलीकडे उदाजीरावांनी मुख्य व्हॉल्व्ह जेमतेम सोडला. सळसळ आली. वरून पत्रा तापल्याचा चुटचुट आवाज आला. ड्रेनमधून आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ, मग पाण्यात मिसळलेली वाफ, मग नुसती कोरडी वाफ. तिने ड्रेन बंद करायला सांगितला.

सगळे ऐकत होते. चिराग मान वर करून ऐकत होता, पलीकडे उदाजीराव ऐकत असणार. अक्काने डोळे मिटले होते. विनोदिनीही ऐकत होती, हे तिला नाकारता येत नव्हतं. नळीतून वाफ सरळ, गुळगुळीत चालली होती. काहीही वाजलं नाही. लाइन कधी इतकी रिकामी वाटली नव्हती.

चिरागचा हात चाकावर होता, पण तो उघडेना. दोन वर्षं तो ठोक्यावर चालला होता. त्याने विनोदिनीकडे पाहिलं आणि विचारलं, "दीदी, अब मुझे बोलेगा कौन?"

तिच्याकडे उत्तर होतं, ते कागदावर लिहूनही आणलं होतं: ड्रेन कोरडा झाला की उदाजीरावांनी ठोकायचं, मग चिरागने ठोकायचं, मग उघडायचं. ती तो कागद उलगडायला लागली.

अक्काने पिशवीत हात घातला. आत आयुषचा पाना होता. कारखान्याने त्याच्या वस्तूंबरोबर तो घरी पाठवला होता आणि तो देवघराखालच्या फडताळात होता. ती नळीपाशी गेली. आयुष उभा राहायचा तिथे उभी राहून तिने नळीवर तीन ठोके दिले, स्वच्छ, एकेक सुटा. क्रम उलटा झाला, तरी भिंतीपलीकडून उदाजीरावांच्या पान्याचे तीन ठोके आले. दोन वर्षांनी त्यांनी पाना उचलला होता.

"उघड बाळा," अक्का म्हणाली. "हळू उघड."

चिरागने चाक पाव फेरा फिरवलं, थांबला, पुन्हा पाव फिरवलं. नळी हादरली नाही. केटलचं कवच तापायला लागलं. अक्काने पाना पुसून चिरागच्या हातात दिला आणि हा आता इथेच राहू दे, असं सांगितलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. इंदूर गेलं, देवासची टेकडी दिसायला लागली. विनोदिनीला वाटलं ती झोपली. मग अक्काने तिचा हात घेतला, मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आता तो खरंच नाही गं." आणि घरी पोचेपर्यंत तिने तो हात सोडला नाही.